राउटर बदलल्यावर दिवे-प्लग गायब: जुनं नाव ठेवायचं की सगळं नव्याने जोडायचं?

नवा राउटर लावला की अ‍ॅपमध्ये वाय-फायवर चालणारे स्मार्ट दिवे आणि प्लग ‘ऑफलाइन’ दिसू लागतात. उपकरणं मात्र ठणठणीत असतात. वाय-फायचं जुनं नाव आणि पासवर्ड त्यांच्या मेमरीत साठवलेला असतो आणि ती अजून तेच नेटवर्क शोधत असतात. इथून दोन वाटा फुटतात: नव्या राउटरला जुनं नाव द्यायचं, किंवा प्रत्येक उपकरणाला नवं नाव शिकवायचं.

चार-पाचपेक्षा जास्त उपकरणं असतील, तर मी बेधडक पहिली वाट घेईन. समजा, जुन्या नेटवर्कचं नाव `Home_24` होतं. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या पट्ट्याला हुबेहूब तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या. कॅपिटल-स्मॉल अक्षर किंवा एखादी स्पेस बदलली तरी उपकरणाच्या लेखी ते वेगळंच नेटवर्क असतं. मग दिवे बंद करून पुन्हा चालू करा. दोन-चार मिनिटांत ते अ‍ॅपमध्ये परततात. नावं, वेळापत्रकं, खोल्या, सगळं जागच्या जागी.

परतले नाहीत, तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. प्लग यादीत नसेल, तर बहुतेक वेळा सुरक्षेचा प्रकार आडवा येतो. नवे राउटर कधीकधी फक्त `WPA3` वर असतात आणि जुन्या प्लगना ते समजत नाही. २.४ साठी `WPA2-PSK (AES)` निवडा. यादीत आहे पण अ‍ॅपला सापडत नाही, तर फोन गेस्ट नेटवर्कवर आहे का ते पाहा. गेस्टवरून घरातली उपकरणं सहसा दिसत नाहीत.

दुसरी वाट वेळखाऊ आहे. बल्ब रीसेट करायला अनेकदा बटण ठरावीक वेळा चालू-बंद करावं लागतं, प्लगचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, आणि लुकलुक सुरू झाली की अ‍ॅपमधून जोडायचं. दिवा माळ्यावर किंवा छतात असेल तर हे जिकिरीचं होतं. काही अ‍ॅपमध्ये जुनी नोंद न काढताच वाय-फाय बदलता येतं. तो पर्याय आधी शोधा, कारण नोंद काढली की वेळापत्रकही जातं.

तरी एका बाबतीत मी दुसरीच वाट निवडेन: जुना पासवर्ड तकलादू असेल किंवा नको त्या माणसांना ठाऊक असेल तेव्हा. तोच पासवर्ड ठेवणं म्हणजे जुन्या चाव्यांसकट नवं कुलूप लावणं. तेव्हा एक दुपार खर्ची घालावी.

झिगबी या वाय-फायहून वेगळ्या वायरलेस पद्धतीचे दिवे असतील तर हा प्रश्नच येत नाही. ते हबशी, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या मधल्या पेटीशी बोलतात, राउटरशी नाही. हबची केबल नव्या राउटरला लावा आणि दिव्यांना हातही लावू नका. ते रीसेट केले तर विनाकारण काम वाढेल.