चष्मा दिवसभर की फळ्यापुरता?

नमस्कार. फार वेळ घेत नाही. चष्मा लागलेल्या मुलांच्या घरून एकच प्रश्न सारखा येतोय. ‘पोरं ढापण्या, चारडोळ्या म्हणतात म्हणून हा चष्मा घालतच नाही. मग निदान फळ्यापुरता तरी घालू दे का?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन्ही वाटा समोर ठेवतो.

त्याआधी एक गाळणी लावू. नंबर प्लसचा असेल, सिलिंडरचा नंबर जास्त असेल किंवा एक डोळा आळशी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर निवडीचा प्रश्नच नाही. आळशी डोळ्याला स्पष्ट चित्र सतत मिळालं तरच मेंदू त्या डोळ्याचं ऐकायला शिकतो, आणि त्याचा सगळ्यात चांगला काळ साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचा. तिथे डॉक्टर सांगतील तितके तास चष्मा, विषय संपला. आपण बोलतोय ते लहान-मध्यम मायनस नंबरबद्दल.

समजा चौथीतल्या मुलीला दोन्ही डोळ्यांना मायनस दीड आहे. शंभरला दीडने भागा, म्हणजे चष्म्याशिवाय तिला साधारण 66 सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. वही असते तीस-पस्तीस सेंटिमीटरवर आणि तिसऱ्या बाकावरून फळा चार मीटरवर. म्हणून ती म्हणते, ‘वाचताना दिसतंय की मला!’ ती खोटं बोलत नाही. एवढ्या नंबरात चष्मा काढून वाचल्याने डोळे बिघडतात असंही नाही. ‘सारखा घातला की नंबर वाढतो’ हे मात्र मनातून काढा. या वयात बुबुळामागचा डोळ्याचा गोळा लांबीने वाढतो, म्हणून नंबर वाढतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा करून घेतल्यानेही तो थांबत नाही.

तर फळ्यापुरत्या चष्म्याची बाजू अगदीच लंगडी नाही. मधल्या सुट्टीत तो मोडत नाही, खो-खोत पडत नाही, आणि मुलाला वाटतं की आपण कमी वेळ नजरेत येतो. बऱ्याच घरांत यावरच तडजोड होते.

माझं मत फिरलं ते डबीमुळे. त्या टणक डबीचं झाकण उघडताना ‘टक्’ असा आवाज होतो. वर्ग शांत आहे, मी फळ्यावर गणित लिहितोय, आणि टक्! बाकावरची दोघं वळतात, मागचा एक जण खुसखुसतो. मूल चष्मा लावतं, चार ओळी उतरवतं, काढतं, पुन्हा टक्. एका तासात फळा आणि वही असं तीन-चार वेळा तरी होतं. दिवसाचे सहा-सात तास धरा, म्हणजे चिडवायला वीसेक निमित्तं आपणच पुरवली. जो चष्मा सकाळी प्रार्थनेपासून नाकावर असतो, तो वर्गाच्या नजरेला सरावाचा होतो. जो दर वेळी डबीतून निघतो, तो रोज नवाच राहतो. मोजमाप केलेलं नाही, पण वर्गात दिसतं ते हेच.

यातून आणखी एक होतं. टक् नको म्हणून मूल चष्मा लावायचं लांबवतं. अर्धं गणित पुसून होईपर्यंत थांबतं, मग शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं. वहीत रीत बरोबर पण 3 चा 8 झालेला दिसला, किंवा शेजाऱ्याच्या चुका जशाच्या तशा आल्या, तर समजा चष्मा दप्तरात आहे.

म्हणून डॉक्टरांची हरकत नसेल तर माझा कल दिवसभराच्या बाजूने आहे. नंबर अर्धा-पाऊणच असेल तर फळ्यापुरताही चालून जाईल. तरी मग तासाच्या सुरुवातीला लावावा आणि तास संपल्यावरच काढावा. मधे डबी नको.

दिवसभर घालायचा तर तो घसरता कामा नये, नाहीतर डबीची जागा बोट घेतं. आपल्याकडे मार्च लागला की नाकावर घाम येतो, चष्मा खाली येतो, मूल दर मिनिटाला तो वर ढकलतं आणि त्याचीच नक्कल होते. घरी तपासा. मुलाला मान खाली घालून मान जरा हलवायला सांगा. चष्मा नाकाच्या शेंड्याकडे निघाला तर काडी सैल आहे. काडीचा बाक कानाच्या बरोबर मागे सुरू व्हायला हवा. तो पुढेच वळला असेल तर कान दुखतो, फार मागे वळला असेल तर चष्मा घसरतो. पापण्या भिंगाला लागत असतील किंवा नाकावर लाल खड्डे पडत असतील, तर नाकावरचे पॅड जुळवून घ्यावे लागतील. चष्मेवाल्याकडे हे पाच मिनिटांचं काम आहे. घरी काडी वाकवू नका, गरम न करता वाकवलेली प्लॅस्टिकची काडी मोडते. एवढं करूनही घसरला तर काडीत बसणारे सिलिकॉनचे आकडे मिळतात. भिंगं पॉलिकार्बोनेटची घ्या, खेळताना सहसा फुटत नाहीत. पण त्यांच्यावर ओरखडे लवकर पडतात, तेव्हा आपल्या सोलापुरी टॉवेलने कोरडी पुसू नका. आधी धूळ पाण्याखाली जाऊ द्या, मग मऊ कापड.

सुरुवात सोमवारी शाळेतून नको. शनिवारी दुपारी घरी घाला, रविवारी बाजारात, नातेवाइकांकडे, सिद्धेश्वर तलावावर. पहिले काही दिवस जमीन जवळ किंवा तिरकी वाटते, जिना उतरताना पाय चाचपडतो, डोकं थोडं जड होतं. मूल याच अस्वस्थतेत असताना ‘ढापण्या’ ऐकतं आणि दोन्हींचा दोष चष्म्यावर टाकतं. निदान चालण्या-उतरण्याची सवय घरी झालेली बरी. दोन आठवड्यांनंतरही डोकं दुखत असेल तर भिंग चुकलंय का ते परत तपासून घ्या.

आता चिडवण्याचं. ‘लक्ष देऊ नको’ म्हटल्याने काही होत नाही, मुलाला तोंडात एक वाक्य लागतं. ‘हो, मला फळा दिसतो आता,’ एवढंच, सपाट आवाजात, आणि मान दुसरीकडे. उलट टोमणा शिकवू नका, त्याने खेळ रंगतो. हे वाक्य बाबांनी घरी चिडवून दोन-तीनदा म्हणवून घ्यावं. पाठ झालं नसेल तर ऐन वेळी रडूच येतं.

शब्दांनी चिडवणं आणि चष्मा ओढणं यांत मात्र फरक करा. चष्मा हिसकावला, लपवला, तर त्याच दिवशी मला सांगा. कोणी, कुठे, कितव्या तासाला, एवढं पुरे. पुष्कळदा हे वर्गात नव्हे, रिक्षात होतं, म्हणून रिक्षावाल्या मामांनाही सांगून ठेवा. मी मुलाचं नाव घेऊन वर्गापुढे भाषण देणार नाही, त्याने सगळा वर्ग पुन्हा त्याच्याकडेच बघतो. ओढणाऱ्याशी एकट्याने बोलेन आणि दोघांची बाकं लांब करीन.

ज्यांच्या मुलांचे चष्मे आत्ता दप्तरात असतील, त्यांनी डबी उद्या दप्तरात न ठेवता मूल चष्मा घालूनच पाठवा. खेळाच्या तासाला काढावा लागला तर माझ्या टेबलाच्या खणात जागा केली आहे, डबीवर फक्त नावाची चिठ्ठी लावून ती एकदा माझ्याकडे द्या.