ब्लॉक, बांधणी, बाटिक की स्क्रीन प्रिंट: फोटोत काय बघून ठरवायचं

ऑनलाइन ओढणी घेताना चारही प्रकार सुंदरच दिसतात, प्रश्न असतो की लिहिलंय तेच आहे का. मी सगळ्यात आधी कडा बघतो, रंगांचं नंतर.

बांधणीत कापड चिमटीत धरून दोऱ्याने घट्ट बांधतात, त्यामुळे ठिपका गोल गरगरीत येत नाही, थोडा चौकोनी वेडावाकडा येतो, मधे बऱ्याचदा रंगाचा बारीक टिंब असतो आणि कडेला रंग आत झिरपलेला. छापील बांधणीत सगळे ठिपके एकसारखे. पण माझी चिडचिड इथेच होते, कारण फोटो जरा हलला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आला की छापील ठिपक्याची कडही तशीच मऊ दिसते. म्हणून आधी कापडाची वीण बघा. धागे स्पष्ट दिसतायत आणि फक्त ठिपक्याची कड पुसट आहे, तर रंग झिरपलाय. धागेही पुसट असतील तर तो फोटोचा दोष, त्यावरून काहीच ठरवू नका, सरळ जवळून दुसरा फोटो मागा. बांधल्यामुळे पडलेल्या चुण्याही इस्त्री केल्यावर राहत नाहीत, म्हणजे तोही पुरावा गेला.

बाटिक त्यामानाने सोपं. कापडावर मेण लावून ते रंगात बुडवतात, मेण तडकतं, त्या चिरांत रंग शिरतो, म्हणून फिकट भागावर बारीक शिरा दिसतात आणि त्यांचा रंग मेण लावल्यानंतरच्या बुडवणीतलाच असतो, बहुधा गडद जमिनीचा. शिरा भलत्याच रंगाच्या, किंवा पुढच्या फुलावरही हुबेहूब तशाच असतील, तर ते छापलंय.

ब्लॉक आणि स्क्रीनमधेच खरी गल्लत होते. ब्लॉक म्हणजे हाताने दाबायचा ठसा, तो दाबला की रंग कडेकडे सरकतो, त्यामुळे बुट्टीची कड मधल्या भागापेक्षा किंचित गडद असते. स्क्रीनमधे रंग जाळीतून उतरतो, म्हणून सपाट, सगळीकडे सारखा. समजा राजस्थानातल्या बगरूची ब्लॉकची म्हणून ओढणी आहे, काळी रेघ आणि आत लाल भरणी. शेजारशेजारच्या दोन बुट्ट्या मोठ्या करून बघा, एकीत लाल डावीकडे सरकलाय, दुसरीत वर, म्हणजे भरणीचा ठसा दर वेळी हाताने वेगळा बसलाय. सगळीकडे लाल एकाच बाजूला तेवढाच सरकलाय तर स्क्रीन. मात्र काही जण ब्लॉकच्याच कापडावरून स्क्रीन बनवतात, दोष वगैरे सगळं उतरतं. मग एखादा ठळक दोष धरायचा, तुटकी पाकळी म्हणा, आणि तशीच बुट्टी पुढे शोधायची. नुसती पाकळी तुटकी दिसली म्हणून लगेच स्क्रीन म्हणू नका, ठशाचाच टवका उडालेला असेल तर तीही प्रत्येक बुट्टीत येते, पण तुटकी पाकळी, सांडलेला थेंब आणि लालचा सरकलेपणा हे तिन्ही ठरावीक अंतराने पुन्हा एकत्र आले तर संपलं, ते स्क्रीनच.

स्क्रीन वाईट असं मी म्हणत नाही, रोज वापरायला स्वस्त पडते. बांधणी तर माझ्या बायकोची जास्त आवडती, ती दुकानात हातात घेऊनच घेते. पण नुसत्या फोटोवर पैसे भरायचे असतील तर मी ब्लॉकच घेतो, फोटो अगदी साधा असला तरी दोन बुट्ट्या शेजारी ठेवून बघता येतात.