टू-पिन, एमएमसीएक्स की जॅक? केबल मागवण्याआधी सॉकेट पाहा

इअरफोनची केबल तुटली की बहुतेक जण मॉडेलचं नाव टाकून जी स्वस्त दिसेल ती मागवतात. त्याआधी जुनी केबल काढून सॉकेट उजेडात नीट पाहा. दोन बारीक छिद्रं दिसली तर टू-पिन. गोल कडं आणि मधोमध एकच संपर्क दिसला तर एमएमसीएक्स.

खरा घोटाळा टू-पिनमध्ये होतो, कारण त्यातही प्रकार आहेत. मूनड्रॉप आरियासारख्या इअरफोनमध्ये छिद्रं कवचाच्या पृष्ठभागाशी सपाट असतात आणि पिन ०.७८ मिमीची लागते. केझेड झेडएसएन प्रोमध्ये सॉकेट कवचाबाहेर उंच आलेलं असतं, पिन ०.७५ मिमीची असते आणि केबलच्या टोकाला त्या उंचवट्यावर बसणारी टोपी असते. अशी टोपीवाली केबल बाजारात बरेचदा ‘क्यूडीसी’ नावाने मिळते. आरियाला ती लावायला गेलात तर टोपीची कड कवचाला अडते आणि पिना आत पोहोचतच नाहीत. याउलट सपाट सॉकेटची, बिनटोपीची केबल केझेडमध्ये बसते, आवाजही येतो. पण बाजूने आधार नसल्याने सगळा ताण पिनांवर येतो आणि त्या वाकतात. शिवाय ०.७५ च्या छिद्रात ०.७८ ची पिन रेटली की छिद्र सैलावतं, मग मूळ केबलही ढिली बसते. म्हणून झेडएसएन प्रोसाठी टोपीवाली ०.७५ चीच घ्या.

सपाट टू-पिन उलटीही बसते. एकाच कानाची उलटी बसली तर बास पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न राहता विखुरतो. असं वाटलं तर त्या एका बाजूची पिन फिरवून तेच गाणं पुन्हा ऐका.

एमएमसीएक्समध्ये उलटसुलट होण्याची भीती नाही. ती ‘टक्’ करून बसते आणि गोल फिरते, त्यामुळे कानामागून केबल वळवणं सोपं जातं. शुअर एसई२१५ मध्ये हीच आहे. मात्र याच फिरण्याने संपर्क झिजतो: केबल फिरवताना खरखर आली किंवा एक बाजू बंद-चालू झाली तर आधी दुसरी केबल लावून पाहा. तरीही तेच होत असेल तर दोष इअरफोनच्या सॉकेटमध्ये आहे. काढताना पीळ न देता नखाने सरळ उचला. सेनहायझर आयई ३०० चं सॉकेट खोलगट आहे, तिथे जाड टोकाची साधी एमएमसीएक्स पोहोचत नाही. त्या मॉडेलसाठीच बनवलेली घ्या.

मोठ्या हेडफोनमध्ये बहुधा जॅक असतो. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्समध्ये २.५ मिमीचा, घातल्यावर पीळ देऊन अडकणारा. हायफायमॅन सुंदराला दोन्ही बाजूंना ३.५ मिमीचे. एम५०एक्सला एकाच बाजूने केबल जाते आणि जॅकवर तीनच संपर्क असतात, म्हणून हेडफोन उघडून तारा न बदलता त्यावर बॅलन्स्ड केबल, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी केबल, चालणार नाही.

नव्याने इअरफोनच घ्यायचा असेल आणि तुम्ही केबल वारंवार काढणारे असाल, तर माझं मत सपाट ०.७८ टू-पिनला. केबल कायम जोडलेलीच राहणार असेल तर एमएमसीएक्स वापरायला जास्त सुखाची.