घोडबंदर रोडचा फ्लॅट, दोन पावसाळ्यांनंतर : गळती आणि बिल्डरची पाच वर्षांची वॉरंटी

लिफ्ट, पार्किंग, पाण्याचा दाब, याबाबत तक्रार नाही. तारे कापतोय ते एकाच कारणासाठी. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्या बाथरूमचं छत ठिबकतं आणि लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचा रंग फुगून पोपडे पडतात. ताबा घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांची हीच रड आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

बिल्डरचा माणूस येतो आणि वर न जाताच "टाइलच्या फटी भरून देतो" म्हणतो. त्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधायला लावा. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर बाहेरची भिंत किंवा खिडकीची चौकट बघायची. बारा महिने येत असेल तर वरच्या बाथरूमचा मेन व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवून तिथला वापर थांबवायचा. मग फक्त व्हॉल्व्ह उघडायचा, वापर नाही. तेवढ्यानेच ठिबक सुरू झाली तर भिंतीतली पाण्याची लाइन फुटली आहे. प्लंबर हातपंपाने दाब देऊन गेजवर ते दाखवतो.

लाइन ठीक निघाली की पाणी भरून चाचणी. नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करायचं, फरशीवर इंचभर रंगीत पाणी भरायचं, पातळीची खूण करून फोटो घ्यायचा आणि 48 तास सोडायचं. खाली रंग उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे. नाही उतरला तर ट्रॅप उघडून बादल्या ओतायच्या. आता ठिबकलं तर दोष ड्रेनेज पाइपच्या जोडात आहे. ही चाचणी वरच्या मालकासमोर आणि बिल्डरच्या इंजिनिअरसमोर करा, दोघांची सही घ्या. मी या चाचणीवर अडून बसतो, कारण हिच्याशिवाय बिल्डर वरच्याकडे बोट दाखवतो आणि वरचा बिल्डरकडे.

फटी भरून झाल्यावर ठिबक थांबली, तेव्हा बिल्डरच्या सर्व्हिसला चार तारे द्यायचं ठरवलं होतं. ते मत आता बदललंय, ओल परत आली. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि त्यावर भराव असतो. तो भराव पाणी धरून ठेवतो. वरून फटी बुजवल्या की नवीन पाणी काही काळ कमी मुरतं, पण स्लॅबवरचा कोट फाटलेलाच राहतो. उलट, काम चोख झालं तरी भरावातलं जुनं पाणी काही दिवस खाली येऊ शकतं. म्हणून आठवड्याभरात निकाल लावू नका.

खरी दुरुस्ती म्हणजे टाइल आणि भराव काढणं, स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपभोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरणं, भिंतीवर किमान फूटभर चढवून कोट देणं, आणि भराव टाकण्याआधी पुन्हा 48 तास पाणी भरून बघणं. हे सगळं लेखी मागा.

आता हक्काचं. रेरा कायदा 2016 च्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. न केल्यास नुकसानभरपाई. ताबापत्र जपून ठेवा, मोजणी तिथून सुरू होते. ॲपवरचं तिकीट पुरेसं मानू नका, ते "क्लोज्ड" करून टाकतात. बिल्डरच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र आणि ईमेल, दोन्ही पाठवा. फोटो, चाचणीची नोंद आणि कलमाचा उल्लेख हवाच. दोष वरच्या फ्लॅटमध्ये असल्याने पत्र दोन्ही मालकांनी मिळून द्यावं. वरच्याने टाइल किंवा नळ बदलले असतील तर बिल्डर तेच कारण पुढे करणार. बऱ्याच करारांत परवानगीशिवाय फोडाफोड केल्यास जबाबदारी संपते असं कलम असतं, ते आधी वाचा.

30 दिवस उलटले की महारेराच्या पोर्टलवर तक्रार, फी 5,000 रुपये. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देतं. भरपाईची रक्कम ॲडज्युडिकेटिंग ऑफिसर ठरवतो, त्याचा अर्ज वेगळा. भरपाईला आकडा लागतो. सिव्हिल इंजिनिअरचा अहवाल, वॉटरप्रूफिंगवाल्याचं कोटेशन, खराब झालेल्या फॉल्स सीलिंगचं आणि वॉर्डरोबचं बिल, हे लावलं नाही तर त्रास झाला एवढंच कागदावर राहतं.

स्वतः दुरुस्ती करून घ्यायची वेळ आली तर टाइल फोडण्याआधी बिल्डरला तारीख कळवा आणि फोडतानाचा व्हिडिओ ठेवा. पुरावा एकदा भरावासोबत गेला की परत मिळत नाही. आणि काम उरकल्यावर सुपरवायझर "समाधानकारक" लिहिलेला फॉर्म पुढे करतो, त्यावर दुसरी चाचणी होईपर्यंत सही करू नका. फारच मागे लागला तर "काम झाले, चाचणी बाकी" असं हाताने लिहून सही करा.