सोलापूर स्टेशनवर बँकेचं ॲप: फुकट वाय-फाय की मोबाइल डेटा?

बँकेचं ॲप सर्व्हरशी कुलूपबंद बोलतं, त्यामुळे त्याच वाय-फायवरच्या शेजाऱ्याला तुमचा पिन सहसा वाचता येत नाही. खरा धोका जोडणी होतानाच असतो. स्टेशनच्या वाय-फायचंच नाव देऊन कुणीही हॉटस्पॉट उघडू शकतो. फोन फक्त नाव ओळखतो. मग लॉगिनचं पान उघडतं. स्टेशनच्या फुकट वाय-फायला, म्हणजे रेलवायरला, मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरतो. पानानं कार्ड नंबर किंवा यूपीआय पिन मागितला, तर ते बनावट समजा आणि लगेच बंद करा. कॅफेतही तेच.

मोबाइल डेटात असं पानच येत नाही. 4जीवर सिम आणि नेटवर्क एकमेकांची ओळख तपासतात. म्हणून पैसे पाठवताना मी वाय-फाय बंदच करते. फसवी लिंक मात्र डेटावरही तितकीच घातक.