पाचव्या दिवशीही ताप: बुरशीरोधक अंदाजाने की पुराव्यावर?
नागपुरातल्या वॉर्डात तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णाला, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली असताना ३८.३ अंश सेल्सिअस ताप आला, तर रक्ताचे कल्चर घेऊन तासाभरात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे प्रतिजैविक सुरू करण्याबद्दल वाद नाही, कारण स्यूडोमोनाससारखा घातक जीवाणू अहवालाची वाट पाहत नाही. खरी तुलना चार ते सात दिवसांनंतरही ताप टिकला की सुरू होते. तेव्हा लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे बुरशीरोधक अंदाजाने जोडल्यास लपलेली बुरशी सहसा उपचारातून सुटत नाही, मात्र अनेकांना ते विनाकारण मिळते, क्रिएटिनिन वाढते आणि पोटॅशियम उतरते. दुसऱ्या वाटेत छातीचा सीटी व रक्तातले गॅलॅक्टोमॅनन हे बुरशीचे द्रव्य तपासून, खूण सापडली तरच औषध देतात. रुग्ण स्थिर असेल आणि सीटी त्याच दिवशी होत असेल, तर मला हीच वाट पटते. गॅलॅक्टोमॅनन चाचणी म्युकर ही बुरशी मात्र पकडत नाही, त्यामुळे चेहरा सुजला किंवा नाकात काळी खपली दिसली, तर ॲम्फोटेरिसिन लगेच द्यावे.