लॅपटॉपच्या कव्हरला खण की घोंगडी?

भाचीला हातमागाचंच कव्हर हवंय, पण कापड ठरत नाहीये.

गुळेदगुड्डचा खण देखणा, पण पातळ. आत फोम आणि अस्तर लागतंच. नक्षीचे धागे चेनमध्ये अडकून ओढले जातात. शिवाय बाजारात यंत्रमागावरचा पॉलिस्टर खण भरपूर. कडेचा धागा जाळून बघावा: सुताची राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी.

दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी मुळातच जाड, त्यामुळे फोम वाचतो. ताण्याला चिंचोक्याची खळ असते, म्हणून सुरुवातीला ती ताठ आणि खरखरीत लागते. केस गळतात, आत सुती अस्तर हवंच. कसर लागते, अधूनमधून ऊन दाखवावं.

रोज लोकलने जाणारीने घोंगडी घ्यावी. लॅपटॉप घरातच फिरत असेल, तर खण.